कोणती परीक्षा, कुणासाठी, कोणत्या तारखेपर्यंत?

परदेशी शिक्षण, नोकरी किंवा निकाहानंतरचा व्हिसा, यांपैकी काहीही निघाले की घरात पहिले वाक्य ऐकू येते, "आधी आयईएलटीएस देऊन टाक." मुलगा किंवा मुलगी क्लास लावते, सुमारे अठरा हजार रुपये परीक्षा फी भरली जाते, निकाल येतो, गुणही चांगले असतात. पुढे काही महिन्यांनी विद्यापीठाकडून किंवा व्हिसा कचेरीकडून कळते की ही परीक्षा आम्हाला चालत नाही, किंवा चालते पण तिची मुदत संपली आहे. मुलाचे इंग्रजी कच्चे नसते. परीक्षाही बनावट नसते. फक्त ती चुकीच्या दारात नेलेली असते.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत हा प्रश्न वरचेवर असतो. म्हणून या लेखात आम्ही इंग्रजी कसे सुधारावे हे सांगणार नाही. कोणत्या कचेरीला कोणता दाखला चालतो आणि तो कोणत्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, हे घरबसल्या कसे तपासायचे, एवढेच सांगणार आहोत. उदाहरणासाठी आम्ही ब्रिटन निवडले आहे. कोकणातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक तिथे आहेत, आणि एकाच देशाच्या तीन कचेऱ्या तीन वेगळी उत्तरे कशी देतात, हे तिथे स्वच्छ दिसते.

एक नाव, चार परीक्षा

आधी एक गोंधळ दूर करू. आयईएलटीएस हे एका परीक्षेचे नाव नाही, ते एका कुटुंबाचे आडनाव आहे. त्यात अकॅडमिक ही परीक्षा उच्च शिक्षणासाठी आणि डॉक्टर, नर्स यांसारख्या व्यावसायिक नोंदणीसाठी असते. जनरल ट्रेनिंग ही मुख्यतः नोकरी व स्थलांतरासाठी असते. लाइफ स्किल्स ही फक्त ऐकण्या-बोलण्याची छोटी परीक्षा असून तिचा निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. चौथी म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठी घेतली जाणारी खास आवृत्ती. बुकिंग करताना पडद्यावर तिच्यापुढे IELTS for UKVI असे शब्द दिसतात.

या चौथ्या आवृत्तीतच बहुतेकांचे पाय अडखळतात. तिची प्रश्नपत्रिका साध्या अकॅडमिकसारखीच असते. काठिण्य तेच, गुण देण्याची पद्धतही तीच. फरक आहे तो केंद्राचा आणि ओळख-तपासणीचा. ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रावर, त्या खात्याने ठरवलेल्या सुरक्षेच्या नियमांखाली ती घेतली जाते. अशा मान्य परीक्षांना तिथे सिक्युअर इंग्लिश लँग्वेज टेस्ट म्हणतात आणि बोलताना 'सेल्ट' असे छोटे नाव वापरतात. पिअर्सन, लँग्वेजसर्ट यांसारख्या काही संस्थांच्या ठरावीक परीक्षाही या यादीत आहेत. ही यादी सरकारची आहे आणि ती बदलते. टोफेल ही जगभर चालणारी परीक्षा एकेकाळी या यादीत होती. २०१४ साली ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर दुसऱ्याच माणसांना बसवून परीक्षा दिल्याचे उघडकीस आले आणि टोफेल यादीतून गेली. ब्रिटिश विद्यापीठे प्रवेशासाठी टोफेल आजही घेतात, पण जिथे सेल्ट हवी तिथे तिचा उपयोग नाही.

म्हणजे परीक्षा चांगली आहे की नाही हा प्रश्नच नाही. ज्या कचेरीला दाखला द्यायचा, तिने त्या परीक्षेचे नाव आपल्या कागदावर लिहिले आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आता एक घर समजू. खेडकडचे. घरात मोठी मुलगी शबाना मुंबईच्या एका इस्पितळात नर्स आहे. धाकटा फैजान संगणकशास्त्रात पदवी घेऊन पुण्यात नोकरी करतो आणि त्याला एमएस्सीसाठी ब्रिटनला जायचे आहे. त्यांची चुलत बहीण नाजिया हिचा निकाह बर्मिंगहॅमला स्थायिक असलेल्या मुलाशी ठरला आहे. नावे कल्पनेतली आहेत, पण नियम खरे आहेत.

फैजान: विद्यापीठाचे घड्याळ

ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्याहून वरच्या अभ्यासक्रमासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याचे इंग्रजी पुरेसे आहे का, हे ठरवण्याची मुभा सरकारने मान्यताप्राप्त विद्यापीठांना दिली आहे. विद्यार्थ्याची पातळी युरोपीय मोजपट्टीवर किमान बी-टू आहे, याची खात्री विद्यापीठाने करायची असते. त्यामुळे फैजानला सरसकट सेल्ट देण्याची गरज नाही. विद्यापीठ मान्य करत असेल तर साधी अकॅडमिक चालेल, टोफेल चालेल, काही ठिकाणी घरून देता येणारी ड्युओलिंगोही चालेल. कित्येक विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीत ठरावीक टक्के असतील तर परीक्षाच मागत नाहीत. मात्र कोणत्या बोर्डाचे किती गुण, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. म्हणून अठरा हजार भरण्याआधी अभ्यासक्रमाच्या पानावर भारतासाठीची इंग्रजीची अट पाहावी. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्यांनीही ती पाहावी, कारण कित्येकदा अट बारावीच्या इंग्रजी विषयाच्या गुणांची असते, शाळेच्या माध्यमाची नसते.

फैजानच्या विद्यापीठाची अट अशी आहे असे समजू: एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको. त्याने १५ जून २०२४ रोजी साधी अकॅडमिक दिली. ऐकणे ७, वाचणे ७, बोलणे ६.५, लिहिणे ५.५. एकूण ६.५. वर वर पाहता अट पुरी झाली, पण लिहिण्यात अर्धा गुण कमी पडला. घरच्यांनी फक्त एकूण आकडा पाहिला तर ही गोष्ट सुटते. म्हणून निकालपत्र हाती आले की पाचही आकडे अटीच्या पाच आकड्यांशेजारी लिहून ताडून पाहावेत.

अशा वेळी फैजानपुढे तीन रस्ते असतात. एक, पूर्ण परीक्षा पुन्हा देणे. दोन, फक्त एकच भाग पुन्हा देणे. संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये ही सोय मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत मिळते, पण असा जोडलेला निकाल काही विद्यापीठे घेतात आणि काही घेत नाहीत, त्यामुळे आधी ईमेलने विचारावे. तीन, विद्यापीठानेच सुचवलेला प्री-सेशनल कोर्स, म्हणजे मुख्य अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचे इंग्रजी शिक्षण.

तिसरा रस्ता सोपा वाटतो, पण खड्डा तिथेच आहे. प्री-सेशनल कोर्स पदवीच्या पातळीखालचा धरला जातो. त्या पातळीसाठी विद्यापीठाची मुभा लागू नसते, म्हणून विद्यापीठे त्यासाठी साधारणपणे सेल्ट मागतात. म्हणजे एमएस्सीला जी साधी अकॅडमिक चालली असती, ती सहा-आठ आठवड्यांच्या छोट्या कोर्सला चालत नाही. आपल्याला थोडे कमी पडतील अशी शंका ज्या विद्यार्थ्याला असेल, त्याने पहिल्यांदाच व्हिसावाली आवृत्ती दिलेली बरी. ती प्रवेशालाही चालते आणि प्री-सेशनललाही. फीमधला फरक दुसऱ्या परीक्षेच्या खर्चापेक्षा फारच कमी असतो.

फैजानने मात्र लिहिण्याचा भाग ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दिला, ६ मिळवले आणि विद्यापीठ ते स्वीकारते, असे धरू. आता मुदतीचा हिशेब. घरची परिस्थिती पाहून त्याने दीड वर्ष नोकरी केली. जानेवारी २०२६ मध्ये अर्ज केला आणि विद्यापीठाने प्रवेश देऊ केला. निकाल तेव्हा दीड वर्षाचाच होता. अभ्यासक्रम सुरू होणार २१ सप्टेंबर २०२६ ला. पण ज्या मूळ परीक्षेवर सारे उभे आहे, ती १५ जून २०२४ ची. तिची दोन वर्षे जूनमध्येच संपतात.

"जानेवारीत तर चालला होता, मग आता का नाही?" असे अब्बा विचारतील. उत्तर असे की 'दोन वर्षे' हे अर्धेच वाक्य आहे. दोन वर्षे कोणत्या दिवशी पूर्ण झालेली नसावीत, हे उरलेले अर्धे. काही विद्यापीठे अर्जाचा दिवस धरतात. पुष्कळशी अभ्यासक्रम सुरू होण्याचा दिवस धरतात. काही प्रवेशाचे पुष्टिपत्र देण्याचा दिवस धरतात. ब्रिटनमध्ये या पत्राला कॅस म्हणतात, आणि ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. विद्यापीठाने सप्टेंबर धरला तर फैजानला नवीन परीक्षा द्यावी लागेल, आणि ती ऑफर आल्या आल्या द्यावी लागेल, ऑगस्टमध्ये धावपळ करून नव्हे.

आपण लवकर कॅस मागून घेऊ, म्हणजे जूनच्या आत काम होईल, असा विचार कुणी करील. ब्रिटनबाहेरून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज अभ्यासक्रमाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हे खरे. पण कॅस मिळण्याआधी सहसा विद्यापीठाची आगाऊ रक्कम भरलेली असावी लागते. व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहण्यासाठी जाणाऱ्याला क्षयरोगाच्या तपासणीचा दाखलाही लागतो. पैशांची जमवाजमव मे महिन्यापर्यंत लांबली की जूनची तारीख हातची जाते. म्हणून मुदत मोजायची ती परीक्षेच्या दिवसापासून पुढे नाही, तर शेवटच्या दारापासून मागे.

शबाना: नोंदणी मंडळाचे घड्याळ

शबानाची गोष्ट अगदी उलटी आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचे तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल या मंडळाकडे नोंदणी हवी. हे मंडळ आयईएलटीएस अकॅडमिक किंवा आरोग्यसेवकांसाठीची ओईटी घेते. अकॅडमिकमध्ये ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी आणि लिहिण्यात सी-प्लस. दाखला दोन वर्षांच्या आतला हवा.

या मंडळाची एक सवलत पुष्कळ नर्सना माहीत नसते आणि त्या तिसरी, चौथी परीक्षा देत राहतात. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण जोडून दाखवता येतात. अट एवढीच की प्रत्येक भागात दोनांपैकी एका परीक्षेत पूर्ण गुण हवेत, आणि कोणत्याही परीक्षेत ऐकणे, वाचणे, बोलणे ६.५ च्या खाली आणि लिहिणे ६ च्या खाली गेलेले नसावे.

शबानाचे आकडे मांडून पाहू. मार्चमध्ये ऐकणे ७.५, वाचणे ७, बोलणे ६.५, लिहिणे ६.५. सप्टेंबरमध्ये ऐकणे ७, वाचणे ६.५, बोलणे ७, लिहिणे ६. दोन्ही वेळा ती एकटी परीक्षा अपुरी आहे. पहिल्यात बोलणे कमी, दुसऱ्यात वाचणे आणि लिहिणे कमी. पण जोडून पाहिले तर ऐकणे, वाचणे आणि लिहिणे मार्चच्या परीक्षेतून पुरे होते आणि बोलणे सप्टेंबरच्या. कोणताही आकडा खालच्या मर्यादेच्या खाली नाही. शबानाची अट पूर्ण झाली. सप्टेंबरमध्ये लिहिण्यात ६ ऐवजी ५.५ असते, तर ही जोडणी मोडली असती.

मुदतीचा मुद्दा इथेही आहे. दोन दाखले जोडलेले असतात तेव्हा आधी संपतो तो जुना, मार्चचा. शबानाने हिशेब त्याच तारखेने ठेवायचा.

आता व्हिसा. नर्स, डॉक्टर, दंतवैद्य यांनी आपल्या नोंदणी मंडळाने मान्य केलेली इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण केली असेल, तर कामाच्या व्हिसासाठी त्यांना वेगळी सेल्ट द्यावी लागत नाही. म्हणजे क्लासवाल्याने "ब्रिटन म्हणजे यूकेव्हीआयच द्या" असे सांगितले, तरी शबानाला त्याची गरज नाही. पण तिच्याच शेजारच्या घरातील इंजिनिअरला एखादी ब्रिटिश कंपनी नोकरी देत असेल, तर त्याच्यामागे असे मंडळ नसते. त्याला कामाच्या व्हिसासाठी सेल्ट किंवा नियमात बसणारा दुसरा पुरावा द्यावाच लागतो. ८ जानेवारी २०२६ पासून अशा पहिल्या अर्जासाठी लागणारी पातळी बी-वनवरून बी-टू झाली आहे. कंपनीच्या पत्रात नुसते 'आयईएलटीएस' लिहिलेले असले तरी कंपनीला काय पुरते आणि व्हिसाला काय लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कंपनी समाधानी झाली म्हणून व्हिसा खाते होत नाही.

नाजिया: व्हिसा खात्याचे घड्याळ

नाजियामागे विद्यापीठही नाही आणि मंडळही नाही. तिचा कागद सरळ व्हिसा अधिकाऱ्यासमोर जातो, म्हणून तिथे सवलत नाही आणि सेल्टच लागते. पण पातळी मात्र सर्वांत सोपी आहे. पतीकडे जाण्यासाठीच्या पहिल्या अर्जात ए-वन, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्याएवढे इंग्रजी, आणि तेही फक्त ऐकणे व बोलणे. त्यासाठी लाइफ स्किल्सची ए-वन परीक्षा किंवा यादीतील दुसऱ्या संस्थेची तशीच परीक्षा पुरते.

इथे होणारी चूक विचित्र आहे. हुशार मुलगी साधी अकॅडमिक देते, ७ गुण मिळवते, आणि ए-वनपेक्षा कितीतरी वरचा हा दाखला अर्जाला जोडते. तो चालत नाही, कारण तो सेल्ट नाही. जास्त गुण चुकीच्या परीक्षेची भरपाई करत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नाजियाने इंग्रजी माध्यमातून पदवी घेतली असेल तर तिला कदाचित परीक्षाच लागणार नाही. भारतीय पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली, असे प्रमाणपत्र एकटिस या ब्रिटनमधील संस्थेकडून घ्यावे लागते. कॉलेजने दिलेला 'शिक्षणाचे माध्यम इंग्रजी' असा दाखला एकटा पुरत नाही. काही विद्यापीठे प्रवेशासाठी तो घेतात, म्हणून लोकांना वाटते की व्हिसालाही तो चालेल.

सेल्टची मुदतही दोन वर्षांची आहे, आणि इथे मोजायचा दिवस स्पष्ट आहे: व्हिसाचा अर्ज करण्याचा दिवस. निकाह ठरल्याबरोबर परीक्षा दिली आणि मग पतीच्या उत्पन्नाचे कागद जमायला दोन वर्षे गेली, तर दाखला मेला. म्हणून कागद जमत आले की परीक्षा, हा क्रम बरा. ब्रिटनला गेल्यावर साधारण अडीच वर्षांनी व्हिसा वाढवताना ए-टू पातळी लागते, तिथे ए-वनचा दाखला उपयोगी नाही. कायम वास्तव्यासाठी त्याहून वरची पातळी लागते. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रत्येक पायरीच्या वेळी सरकारच्या gov.uk या संकेतस्थळावर आपल्या व्हिसाच्या पानावरील इंग्रजीची अट नव्याने वाचावी.

देश बदलला की

याच तीन मुलांपैकी कुणी कॅनडाकडे वळले तर उत्तरे पुन्हा बदलतात. तिथे शिकायला जाताना कॉलेज अकॅडमिक घेते. पण शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजीचा पुरावा लागतो, आणि तिथे चालते ती जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर. ज्या अकॅडमिकवर प्रवेश मिळाला ती इथे चालत नाही. कायम वास्तव्याच्या एक्स्प्रेस एंट्रीमध्ये तर निकाल दोन वेळा दोन वर्षांच्या आतला असावा लागतो: नाव नोंदवताना आणि बोलावणे आल्यावर प्रत्यक्ष अर्ज करताना. बोलावण्याची वाट पाहण्यात महिने जातात, आणि तेवढ्यात दाखला शिळा होऊ शकतो. ऑस्ट्रेलिया मात्र कुशल कामगारांच्या व्हिसात तीन वर्षांपर्यंतचा निकाल धरते. म्हणजे 'आयईएलटीएस दोन वर्षे चालते' हेही सगळीकडे खरे नाही. मुदत दाखला मागणारी कचेरी ठरवते.

तपासायचे कसे

सुरुवात क्लासपासून किंवा एजंटपासून नको, शेवटच्या दारापासून करावी. एक कागद घ्यावा. त्यावर क्रमाने लिहावे की हा दाखला कोण-कोण मागणार आहे: विद्यापीठ, नोंदणी मंडळ, कंपनी, व्हिसा खाते. प्रत्येकापुढे तीन रकाने करावेत: परीक्षेचे पूर्ण नाव आवृत्तीसह, प्रत्येक भागाचे किमान गुण, आणि दाखला कोणत्या दिवशी मुदतीत असायला हवा. चारही ओळी भरल्यावर जी परीक्षा सर्व ओळींत बसते, ती द्यायची. एकच परीक्षा सगळीकडे बसत नसेल तर ते पैसे भरण्याआधी कळते, नंतर नाही.

रकाने भरताना विद्यापीठाच्या सर्वसाधारण पानावर थांबू नये. एकाच विद्यापीठात कायद्याला ७ आणि संगणकाला ६.५ असू शकतात, म्हणून आपल्या अभ्यासक्रमाचे आणि आपल्या वर्षाचे पान उघडावे. तिथे मुदतीचा दिवस लिहिलेला नसेल तर प्रवेश विभागाला ईमेल करावा. प्रश्न थेट विचारावा: माझी अमुक परीक्षा, अमुक तारखेची, अमुक गुणांची आहे, ती या अभ्यासक्रमासाठी चालेल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत मुदतीत असायला हवी? 'माझे आयईएलटीएस चालेल का' असे विचारले तर 'होय' असे उत्तर येते आणि ते निरुपयोगी असते. आलेले उत्तर आणि त्या दिवशीचे पान जपून ठेवावे. एजंट फोनवर जे सांगतो त्याला अशा वेळी किंमत नसते, त्याच्याकडूनही पानाचा पत्ता मागावा.

एक गोष्ट नावाची. परीक्षेच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर मोहम्मद, आधारवर मोहम्मद ऐवजी त्याचा संक्षेप आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, असे वरचेवर असते. पासपोर्टमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती परीक्षेआधी करावी. परीक्षेनंतर पासपोर्ट बदलला, किंवा निकाहानंतर मुलीचे नाव बदलले, तर जुना पासपोर्ट आणि निकाहनामा दाखल्याबरोबर जपावा, कारण निकालावर जुनाच क्रमांक राहतो. नकाब घेणाऱ्या मुलींना ओळखीसाठी चेहरा दाखवावा लागतो. ही तपासणी महिला कर्मचाऱ्यासमोर आडोशाला व्हावी, अशी विनंती केंद्राला आधीच लेखी कळवावी.

खेडच्या त्या घरात शेवटी तीन कागद तयार झाले असते. फैजानच्या कागदावर अकॅडमिक आणि २१ सप्टेंबर, शबानाच्या कागदावर दोन दाखले आणि मार्चची तारीख, नाजियाच्या कागदावर लाइफ स्किल्स ए-वन आणि अर्जाचा दिवस. तिघांपैकी कुणाचाही कागद दुसऱ्याला उपयोगी पडला नसता. परीक्षेची फी भरण्याआधी आपल्या घरातला कागद याच पद्धतीने भरून पाहावा, आणि एखादा रकाना रिकामा राहत असेल तर तो भरेपर्यंत फी भरू नये.